पिंग चालतंय, मग फाइल का अडली?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतला, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना डोळ्यांसमोर आणा. कारखाना कल्पनेतला आहे, पण त्यात जे घडतं ते सगळं खऱ्या यंत्रांच्या नियमांनीच घडतं. ऑफिसच्या खोलीत एक सर्व्हर आहे. पलीकडच्या शेडमध्ये, आग लागली तर दोन्ही एकदम जाऊ नयेत म्हणून मुद्दाम लांब ठेवलेली एक नॅस पेटी आहे. नॅस म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारी डिस्कांची पेटी. ऑफिसात एक स्विच, शेडमध्ये दुसरा स्विच आणि दोघांमध्ये फायबरची केबल. रोज संध्याकाळी डिझाइन विभागाची ड्रॉइंग सर्व्हरवरून या पेटीत उतरतात. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात वीज दोन-तीनदा आली-गेली आणि शेडमधला स्विच जळाला. दुसऱ्या दिवशी तितक्याच पोर्टांचा नवा स्विच आणून बसवला. सगळे दिवे हिरवे लागले, पेटी दिसू लागली, फोल्डर उघडू लागलं.

संध्याकाळी बॅकअप सुरू झाला आणि काही क्षणांत थिजला. एरर आली नाही, केबल सुटली नाही, फक्त पुढे सरकेना. अशा वेळी प्रत्येकाचा हात आधी ज्या आज्ञेकडे जातो ती दिली:

```
$ ping -c 3 10.10.20.50
64 bytes from 10.10.20.50: icmp_seq=1 ttl=64 time=0.21 ms
...
3 packets transmitted, 3 received, 0% packet loss
```

उत्तर ठणठणीत. एका मिलिसेकंदाच्या पाचव्या भागात पेटी ओ देते आहे, तीनपैकी एकही हाक वाया गेलेली नाही. नेटवर्क चांगलं आहे, दोष पेटीत असणार, असा निष्कर्ष इथे निघतो आणि मग पेटी विकणाऱ्याला फोन जातो. पण त्याआधी पेटीच्या स्वतःच्या पडद्यावर ते फोल्डर उघडून पाहिलं तर एक विलक्षण गोष्ट दिसते:

```
-rw-r--r-- 1 cad cad  412 readme.txt
-rw-r--r-- 1 cad cad  866 tools.txt
-rw-r--r-- 1 cad cad    0 housing_v7.dwg
```

चारशे बाइटची टिपणाची फाइल पूर्ण पोचली आहे. आठशेची पूर्ण पोचली आहे. चाळीस मेगाबाइटच्या ड्रॉइंगचं नाव पोचलं आहे, मालक कोण तेही पोचलं आहे, आणि आत एक बाइटही नाही. मला हा तीन ओळींचा पुरावा फार सुंदर वाटतो, कारण संपूर्ण बिघाड त्यात लिहिलेला आहे. जे लहान आहे ते सगळं पोचलं. जे मोठं आहे त्यातलं काहीच पोचलं नाही. ‘या नावाची फाइल तयार कर’ ही आज्ञा दोन-तीनशे बाइटांत मावते, म्हणून ती गेली. ‘आता तिच्यात हे भर’ ही आज्ञा प्रत्यक्ष मालासकट जाते, म्हणून ती वाटेत कुठेतरी नाहीशी झाली.

कुठे, हे कळण्यासाठी आधी तारेवरून माल कसा जातो ते पाहू. इथरनेटवर काहीही सलग धार लावून जात नाही. प्रत्येक गोष्टीचे तुकडे होतात आणि एकेक तुकडा एका फ्रेममध्ये घालून पाठवला जातो. फ्रेमच्या पुढे १४ बाइटांचा मथळा असतो, त्यात कुणाकडून कुणाकडे ते लिहिलेलं असतं. शेवटी ४ बाइटांची तपासणी-संख्या असते, तिच्यावरून वाटेत काही बिघडलं का ते कळतं. मधल्या जागेत जास्तीत जास्त किती बाइट भरायचे, त्या मर्यादेला एमटीयू म्हणतात. नेहमीचा आकडा १५००. मथळा आणि तपासणी धरून फ्रेम होते १५१८ बाइटांची.

हा १५०० कुठून आला? झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ पासून इथरनेट घडवलं. १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून त्याचं पहिलं प्रमाण छापलं आणि त्यात ही मर्यादा पक्की झाली. तेव्हा वेग होता सेकंदाला १ कोटी बिट, आणि एकाच जाड केबलला सगळे संगणक जोडलेले असत. एक बोलत असेल तोवर बाकीच्यांनी थांबायचं. पूर्ण भरलेली फ्रेम त्या केबलवर सुमारे १.२ मिलिसेकंद घेई. ती आणखी लांब केली असती तर इतरांना तितकं जास्त ताटकळावं लागलं असतं, आणि फ्रेम साठवायला प्रत्येक कार्डात लागणारी मेमरी त्या काळी महाग होती. म्हणून १५०० हा त्या काळाला साजेसा सौदा होता.

आज अंबडच्या त्या फायबरमध्ये वेग हजारपट आहे. सामायिक केबल गेली, मेमरी कवडीमोल झाली, पण आकडा तोच राहिला. परिणामी सेकंदाला १० अब्ज बिटांची तार पूर्ण भरायची तर दर सेकंदाला सुमारे ८ लाख १२ हजार फ्रेम पाठवाव्या लागतात. प्रत्येक फ्रेमचा मथळा लिहा, तपासा, पुढच्या टोकाला उघडा. हे काम कमी करण्यासाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीस अल्टिऑन नावाच्या कंपनीने ९००० बाइटांच्या मोठ्या फ्रेमचा पुरस्कार केला. त्यांना जंबो फ्रेम हे नाव पडलं. आकडा उगाच निवडलेला नव्हता. साठवणुकीच्या कामात ८१९२ बाइटांचा ठोकळा नेहमी लागतो, तो मथळ्यांसकट एका फ्रेममध्ये बसावा, आणि शेवटच्या त्या ४ बाइटांच्या तपासणीची चुका पकडण्याची ताकद सुमारे ११ हजार बाइटांनंतर उतरते, तिच्या आत राहावं, अशा दोन्ही बाजूंनी ९००० सोयीचा ठरला. जंबो फ्रेमने तीच तार १ लाख ३८ हजार फ्रेममध्ये भरते. आपलं चाळीस मेगाबाइटचं ड्रॉइंग नेहमीच्या फ्रेममधून सुमारे २७,६०० तुकड्यांत जातं, जंबोमधून साडेचार हजारांत.

आपल्या कारखान्यात कुणीतरी जाणकाराने पूर्वी सर्व्हरवर, पेटीवर आणि दोन्ही स्विचवर जंबो चालू केलं होतं. जळालेल्या स्विचबरोबर त्यातली ती नोंदही गेली. नवा स्विच उत्पादकाकडून जसा आला तसा, १५०० वर आहे. म्हणजे आता दोन्ही टोकं ९००० ची आणि मधला एक टप्पा १५०० चा.

आता इथे खरी नवलाची गोष्ट सुरू होते. सर्व्हर आणि पेटी बोलायला लागतात तेव्हा टीसीपी नावाच्या नियमावलीप्रमाणे आधी एकमेकांना ओळख देतात. त्या ओळखीतच प्रत्येक जण सांगतो की मला एका वेळी एवढा मोठा तुकडा झेपेल. या आकड्याला एमएसएस म्हणतात आणि तो आपल्या एमटीयूतून मथळ्यांचे ४० बाइट वजा करून काढलेला असतो. ९००० वाला सांगतो ८९६०, १५०० वाला सांगतो १४६०. दोघांतला लहान आकडा धरून काम चालतं.

नीट पाहा, इथे काय घडतं ते. समजा सर्व्हर ९००० वर आहे आणि पेटी चुकून १५०० वर राहिली. ही उघड चूक. पण पेटी ओळखीतच १४६० सांगते, सर्व्हर ते ऐकतो आणि सगळे तुकडे लहान करतो. बॅकअप विनातक्रार चालतो. जंबोचा फायदा मिळत नाही एवढंच. आता पेटीही कुणी ९००० वर आणली. दोन्ही टोकं बरोबर झाली, दोघांनी ८९६० वर हात मिळवले, आणि मधला स्विच १५०० वर असल्याने बॅकअप पार बंद पडला. चूक कमी केली म्हणून काम थांबलं. ‘सकाळी मी पेटीची सेटिंग दुरुस्त केली आणि तेव्हापासून चालेना’ असं कुणी सांगितलं तर त्याच्यावर अविश्वास दाखवू नका, हे अगदी असंच होतं.

कारण करार दोन टोकांमध्ये होतो. मधल्या स्विचला त्यात कुणी विचारत नाही आणि स्विचही बोलत नाही. शिवाय ओळखीची ती पॅकेटं स्वतः अगदी छोटी असतात, शंभर बाइटांच्या आतली, त्यामुळे ती १५०० च्या टप्प्यावरून सहज जातात. ज्या रस्त्यावरून मोठा माल जाणार नाही, त्याच रस्त्यावरून मोठ्या मालाचा करार निर्धास्तपणे होऊन जातो. पिंगचंही तेच. लिनक्सवर साधं पिंग ५६ बाइटांचा मजकूर नेतं, त्याचे मथळे धरून ८४ बाइट होतात. विंडोजवर तर मजकूर ३२ बाइटांचाच. रेल्वे फाटकाजवळच्या उंची-मर्यादेच्या कमानीखालून दुचाकी गेली, तेवढ्यावर कंटेनरचं भाकीत करता येत नाही. माइक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरमध्ये पिंग लिहिलं ते पलीकडे कुणी आहे का, हे विचारायला. तो प्रश्न पिंग अजून चोख विचारतं. रस्ता किती रुंद आहे हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळ्या रीतीने विचारावा लागतो.

मोठी फ्रेम शेडमधल्या स्विचच्या फायबर पोर्टवर येते तेव्हा काय होतं? पोर्ट ती मोजतो, १५१८ च्या पुढे गेली असं पाहतो आणि टाकून देतो. आपल्या एका आकड्यात एकाची भर घालतो आणि पुढच्या फ्रेमकडे वळतो. पाठवणाऱ्याला काही कळवत नाही. हा स्विचचा निष्काळजीपणा नाही. स्विच फक्त फ्रेमचा मथळा वाचतो, आतल्या आयपी पत्त्यांशी त्याचा संबंध नसतो, आणि ‘तुझा माल मोठा होता’ असं कळवण्याची कोणतीही रीत इथरनेटमध्ये मुळात नाहीच. हीच अडचण दोन वेगळ्या नेटवर्कांमधल्या राउटरवर आली असती तर वेगळं घडलं असतं. राउटर आयपी पत्ते वाचतो, आणि तुकडे करू नका अशी खूण असलेलं मोठं पॅकेट पुढे बसत नसेल तर पाठवणाऱ्याला उलट संदेश धाडतो की पुढचा रस्ता एवढ्याच बाइटांचा आहे. ही पद्धत १९९० मध्ये लिहून ठरली आणि इंटरनेट तिच्यावर चालतं. एकाच नेटवर्कच्या आत मात्र सगळ्यांची एमटीयू सारखीच असणार असं गृहीत धरलेलं आहे. ते गृहीत मोडलं तर ओरडणारं कुणी नाही.

पाठवणाऱ्या सर्व्हरची बाजू पाहिली तर मला त्याची दयाच येते. त्याच्या दृष्टीने तुकडा गेला आणि पोच आली नाही. टीसीपीचा अनुभव असा, की पोच आली नाही म्हणजे वाटेत गर्दी असणार. म्हणून तो थोडा थांबून तोच तुकडा पुन्हा पाठवतो, त्याच आकाराचा. तोही जातो त्याच पोर्टच्या केरात. मग दुप्पट थांबतो. ०.२ सेकंद, ०.४, ०.८, १.६ असं करत करत दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढत जातं. हे लिनक्सवर प्रत्यक्ष बघता येतं. `ss -tin` ही आज्ञा पेटीच्या पत्त्यासह दिली की तिच्या उत्तरात बरंच काही येतं, त्यातला कामाचा भाग असा:

```
rto:25728 backoff:7 rtt:0.21/0.05 mss:8948 pmtu:9000
```

डावीकडून वाचा. पुढचा प्रयत्न २५.७ सेकंदांच्या प्रतीक्षेनंतर होणार. प्रतीक्षा सात वेळा दुप्पट झालेली आहे. फेरीला लागणारा वेळ मात्र ०.२१ मिलिसेकंद. ज्या रस्त्यावर फेरी मिलिसेकंदाच्या पाचव्या भागात होते, त्या रस्त्यावर कुणी पाव मिनिटाहून जास्त थांबून राहिलं आहे, हा विरोधाभासच निदान आहे. गर्दी असती तर फेरीचा वेळही वाढलेला दिसला असता. आणि शेवटचे दोन आकडे तर कबुलीजबाबच: तुकडा ८९४८ बाइटांचा, रस्ता ९००० बाइटांचा असा सर्व्हरचा ठाम समज. ८९६० ऐवजी ८९४८ का, तर लिनक्स प्रत्येक तुकड्यात वेळेच्या नोंदीसाठी १२ बाइट राखून ठेवतो.

यातून आणखी एक गोष्ट उलगडते, जी सगळ्यांना गोंधळात पाडते. अडलेली ती एक फाइल सोडा, दुसरं लहान टिपण तरी उघडा, तर तेही उघडत नाही. सकाळी तर उघडत होतं! याचं कारण असं, की लिनक्सचा सर्व्हर नॅसशी एनएफएस पद्धतीने बोलताना साधारणपणे सगळ्या विनंत्या एकाच टीसीपी जोडणीवरून पाठवतो, आणि टीसीपी क्रम मोडत नाही. पुढचा मोठा तुकडा पोचल्याशिवाय मागचा लहान तुकडा पलीकडे दिला जात नाही. एका ड्रॉइंगमागे सगळी रांग उभी राहते. थोड्या वेळाने सर्व्हरच्या नोंदवहीत `nfs: server 10.10.20.50 not responding, still trying` अशी ओळ उमटते. ती वाचून पेटी बंद पडली असं वाटतं आणि लोक ती रीस्टार्ट करतात. जोडणी नव्याने होते, लहान गोष्टी पुन्हा चालू लागतात, ‘रीस्टार्टने सुटलं’ अशी समजूत होते, आणि पुढच्या मोठ्या फाइलला सगळं पुन्हा थिजतं.

आता रस्त्याची रुंदी विचारू. पिंगलाच मोठा मजकूर घेऊन पाठवायचं आणि वाटेत तुकडे करायचे नाहीत अशी सक्त ताकीद द्यायची. ९००० मधून आयपीच्या मथळ्याचे २० आणि पिंगच्या स्वतःच्या मथळ्याचे ८ बाइट वजा केले की उरतात ८९७२. तसंच १५०० साठी १४७२.

```
ping -c 3 -M do -s 1472 10.10.20.50
ping -c 3 -M do -s 8972 10.10.20.50
```

आपल्या कारखान्यात पहिल्या आज्ञेला तिन्ही उत्तरं येतात. दुसरीला एकही येत नाही, `100% packet loss`. बॅकअप का अडतो, त्याचा पुरावा या दोन ओळींत हाती येतो. विंडोजवर हीच गोष्ट `ping -f -l 8972` अशी विचारतात.

`-M do` हा भाग विसरू नका, तीच ती ताकीद आहे. ती न देता, दोन्ही टोकं १५०० वर असताना एका संगणकावरून नुसतं ८९७२ चं पिंग केलं तर तो संगणक स्वतःच त्याचे सात तुकडे करून पाठवतो, पलीकडे ते जोडले जातात आणि उत्तरही तसंच तुकड्यांत छान येतं. जंबो चालतंय असं वाटतं, प्रत्यक्षात एकही जंबो फ्रेम तारेवर गेलेली नसते. ताकीद दिलेली असेल तर तोच संगणक `message too long, mtu=1500` असं लगेच सांगतो. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. असा संदेश आला तर अडचण तुमच्याच संगणकात आहे. संदेश न येता नुसती शांतता आली तर अडचण वाटेत किंवा पलीकडे आहे.

शांततेची जागा शोधायची तर स्विचकडे जावं लागतं. प्रत्येक व्यवस्थापनक्षम स्विच पोर्टनिहाय आकडे ठेवतो आणि त्यात प्रमाणाबाहेर लांब फ्रेमचा एक रकाना असतो. बहुतेक ठिकाणी त्याला जायंट्स किंवा ओव्हरसाइज म्हणतात. मोठं पिंग तीनदा पाठवा आणि कोणत्या पोर्टचा हा आकडा तीनने वाढला ते पाहा. आपल्या उदाहरणात सर्व्हरकडून जाणारा मोठा माल शेडमधल्या स्विचच्या फायबर पोर्टवर पडतो, म्हणून तिथला आकडा वाढेल. पेटीतून फाइल परत वाचायला गेलात तर पेटीची मोठी फ्रेम त्याच स्विचच्या पेटीकडच्या पोर्टवर, पहिल्या पावलालाच पडेल. म्हणजे कोणता आकडा वाढतो यावरून माल कोणत्या दिशेने जात होता तेही कळतं. पिंगला ही दिशा एकट्याने कळत नाही, कारण उत्तरही तितक्याच आकाराचं परत येतं आणि जाताना पडलं की येताना, हे पाठवणाऱ्याला सारखंच दिसतं.

दुरुस्ती वाचायला एका ओळीची आहे: नव्या स्विचवर मोठी मर्यादा लावा. पण त्या ओळीत दोन खाचखळगे आहेत. पहिला म्हणजे ९००० हा आकडा सगळे एकाच रीतीने मोजत नाहीत. संगणकावर ९००० म्हणजे आतला माल. बऱ्याच स्विचवर लावायचा आकडा मथळ्यासकट पूर्ण फ्रेमचा असतो, तिथे ९००० माल म्हणजे ९०१८ बाइट, आणि व्हीलॅनची खूण असेल तर ९०२२. अशा स्विचवर ९००० लावलं तर ८९०० चं पिंग जातं आणि ८९७२ चं जात नाही. बॅकअप तेव्हाही अडतोच, कारण मोठी फाइल नेहमी काठोकाठ भरलेल्या फ्रेमनेच जाते. म्हणून स्विचवर ९२१६ किंवा त्याला जमेल तो सर्वांत मोठा आकडा लावावा. स्विचची मर्यादा टोकांपेक्षा मोठी असल्याने काहीही बिघडत नाही. दुसरा खळगा जुन्या स्विचचा. काही मॉडेलमध्ये हा बदल नोंदला जातो, पडद्यावर दिसतोही, पण स्विच रीस्टार्ट झाल्याशिवाय लागू होत नाही. म्हणून सेटिंगच्या पानावर नव्हे, ८९७२ च्या पिंगवर विश्वास ठेवायचा.

स्विच आज रात्री हलवता येत नसेल तर सर्व्हर आणि पेटी दोन्ही १५०० वर आणून जोडणी नव्याने करा. बॅकअप लगेच धावू लागेल, कारण ओळखीतच १४६० ठरेल. लिनक्समध्ये आणखी एक सोय आहे, `net.ipv4.tcp_mtu_probing` ला १ ही किंमत दिली की मोठे तुकडे सारखे गडप होत आहेत असं पाहून टीसीपी आपणहून लहान तुकडे करून बघतो. अडकलेल्या वेळी ती उपयोगी आहे, पण कायमची ठेवून निश्चिंत होणं मला पटत नाही. ती पाठवणाऱ्या बाजूला असावी लागते, म्हणजे फाइल वाचतानाची अडचण पेटीवरही ती असेल तरच सुटते. आणि प्रत्येक जोडणी आधी अडखळते, मग चालते, त्यामुळे मधला दोष महिनोन्महिने झाकलेला राहतो.

एक प्रश्न उरतो: हा सगळा व्याप करून जंबो ठेवायचं का? सेकंदाला १ अब्ज बिटांच्या तारेवर, एक सर्व्हर आणि एक पेटी असलेल्या कारखान्यात, माझं उत्तर नाही असं आहे. तारेवरचा शुद्ध फायदा पाहिला तर नेहमीच्या फ्रेममध्ये सुमारे ९५ टक्के जागा मालाला मिळते आणि जंबोमध्ये ९९ टक्के. फ्रेम हाताळण्याचं ओझं आजची नेटवर्क कार्डं स्वतःच बरंच उचलतात, मोठा ठोकळा घेऊन त्याचे तुकडे कार्डातच करतात. चार टक्क्यांसाठी, प्रत्येक नव्या स्विचबरोबर पुन्हा उभा राहू शकणारा धोका पत्करण्यात शहाणपण नाही. सेकंदाला १० अब्ज बिट किंवा त्याहून वेगवान आणि फक्त साठवणुकीसाठी राखलेलं वेगळं नेटवर्क असेल, त्यावर दिवसभर आभासी सर्व्हरच्या डिस्क चालत असतील, तर जंबोला अर्थ आहे. पण मग ते नेटवर्क खरोखर वेगळं हवं, त्यात ऑफिसचा प्रिंटर आणि सीसीटीव्हीचा कॅमेरा घुसलेला नको.

आणि ज्यांनी जंबो ठेवलं आहे त्यांना एक विनंती. ९००० ला आजही इथरनेटच्या अधिकृत प्रमाणात जागा नाही. प्रमाण ठरवणाऱ्या आयईईई संस्थेने जंबो फ्रेम कधीच प्रमाणात घेतली नाही, ती कंपन्यांच्या आपसातल्या रिवाजावर चालते. त्यामुळे नवं यंत्र पेटीतून बाहेर काढल्यावर ते तुमचा आकडा ओळखेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. प्रत्येक स्विचवर एक चिठ्ठी चिकटवा, तिच्यावर लावलेली मर्यादा आणि ८९७२ चं पिंग शेवटचं कधी यशस्वी झालं ती तारीख लिहा. स्विच बदलणारा माणूस पुढच्या वेळी तुम्ही नसाल, तेव्हा जुन्या स्विचवरची ती चिठ्ठी त्याला वाचता येईल.